सासूचं घर सरकारी जागेवर, मग सुनेचं सरपंचपद जातं का? सुप्रीम कोर्टाचा निकाल साध्या भाषेत

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यात विचखेडा नावाचं गाव आहे. तिथल्या महिला सरपंचांना कलेक्टरांनी अपात्र ठरवलं, आयुक्तांनी तेच कायम ठेवलं, हायकोर्टानेही अर्ज फेटाळला आणि शेवटी २७ सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने त्यांचं पद परत दिलं. बातमी तेव्हा सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली, पण फिरता फिरता तिचा अर्थच बदलून गेला. आता चावडीवर, पंचायत समितीत, झेरॉक्सच्या दुकानात कुठेही विचारा, "घरच्यांचं अतिक्रमण असलं तरी आता काही होत नाही, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय" असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी भेटतोच. कोर्टाने तसं सांगितलेलं नाही. आणि त्या भरवशावर कोणी निर्धास्त बसला तर पद जाईल, म्हणून हा निकाल नीट समजून घेऊ.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. आपला ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यात कलम १४ मध्ये सदस्य कोण होऊ शकत नाही आणि झाला तर राहू शकत नाही याची यादी आहे. दोनपेक्षा जास्त मुलं, ग्रामपंचायतीची थकबाकी वगैरे सगळ्यांना माहितीच आहे. त्याच यादीत २००६ साली एक पोटकलम घातलं, १४(१)(ज-३). त्यात लिहिलंय इतकंच की ज्याने सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केलंय तो सदस्य राहू शकत नाही. बस्स, एवढंच वाक्य. घरच्यांचं काय, जुन्या अतिक्रमणाचं काय, बापाने चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घराचं काय, यातलं काहीच त्यात लिहिलेलं नाही, आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू झाली.

असं का घातलं असेल? तर ग्रामपंचायतीच्या हद्दीतलं अतिक्रमण काढायचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम ५३ ने ग्रामपंचायतीलाच दिलाय. म्हणजे गायरानात कोणी घर बांधलं, रस्त्यावर ओटा काढला तर नोटीस काढायची ती पंचायतीने, ठराव करायचा तो सदस्यांनी. आता ज्याचं स्वतःचंच घर सरकारी जागेत आहे तो दुसऱ्याला कुठल्या तोंडाने नोटीस देणार? कलमामागचं लॉजिक एवढं साधं आहे आणि मला ते पटतं.

आता घरच्यांच्या अतिक्रमणाचा प्रश्न. यावर सुप्रीम कोर्टाचे आधी दोन निकाल आहेत, आणि ते माहीत नसले तर विचखेड्याचा निकाल अर्धाच कळतो.

पहिला २०१७ चा, सागर पांडुरंग धुंदरे यांच्या प्रकरणातला. दोन न्यायमूर्ती होते. त्यांनी म्हटलं की ज्याने मुळात अतिक्रमण केलं तोच अपात्र, त्याच्या घरातले बाकीचे नाहीत, कायद्यात कुटुंब हा शब्दच नाहीये तर आम्ही कुठून आणायचा. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण वर्षभरातच १९ सप्टेंबर २०१८ ला तीन न्यायमूर्तींनी हा निकाल चुकीचा ठरवला. ते प्रकरण वाशिम जिल्ह्यातलं, जनाबाई विरुद्ध अपर आयुक्त. तेव्हाचे सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. खानविलकर आणि न्या. चंद्रचूड. तक्रार अशी होती की सदस्य बाईंच्या सासऱ्यांनी आणि नवऱ्याने सरकारी जागेवर अतिक्रमण केलंय. कोर्टाने सांगितलं की अतिक्रमण म्हणजे फक्त पहिल्या दिवशी पहिला दगड ठेवणं नव्हे, ती जागा वापरत राहणं हेही अतिक्रमणच. सासऱ्याने बांधलं पण तुम्ही त्यात राहताय, वापरताय, तर तुम्हीही त्यात आलात. नाहीतर काय होईल, घरातला कर्ता अतिक्रमण करेल आणि बायकोला किंवा सुनेला निवडणुकीला उभं करेल आणि कलम कागदावरच राहील.

हा २०१८ चा नियम आजही जिवंत आहे. विचखेड्याचा निकाल न्या. सूर्य कांत आणि न्या. उज्जल भुयान या दोन न्यायमूर्तींचा आहे आणि दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ तीन न्यायमूर्तींचा निकाल उलटवू शकत नाही, ही सुप्रीम कोर्टाची स्वतःचीच पद्धत आहे. तेव्हा "आता घरच्यांचं अतिक्रमण चालतं" हे म्हणणं इथेच संपतं.

मग २०२४ ला कोर्टाने नेमकं केलं काय?

मनीषा रवींद्र पानपाटील फेब्रुवारी २०२१ मध्ये विचखेड्याच्या सरपंच झाल्या. तेव्हा सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत बंद होती, जानेवारीत सदस्यांची निवडणूक झाली आणि मग निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडला. नंतर गावातल्याच काही जणांनी कलेक्टरांकडे अर्ज केला की या सासूबरोबर राहतात आणि ते घर सरकारी जागेवर बांधलंय, तेव्हा यांना अपात्र करा. सरपंचांचं उत्तर असं की मी त्या घरात राहतच नाही, मी नवरा आणि मुलांबरोबर वेगळी भाड्याच्या घरात राहते, आणि ते घर तर इतकं मोडकळीला आलंय की त्यात राहण्यासारखी परिस्थितीच नाही.

आता जनाबाईच्या नियमाने बघितलं तर सगळा खेळ एकाच प्रश्नावर आला, की या बाई त्या घरात राहतात का नाही. राहत असतील तर पद गेलं, राहत नसतील तर राहिलं. मध्ये काहीच नाही. आणि हा काही कायद्याचा किचकट प्रश्न नव्हता, माणूस पाठवून, शेजारपाजाऱ्यांना विचारून, भाड्याचं घर बघून, घरमालकाचा जबाब घेऊन दोन दिवसात लागण्यासारखा होता.

सुप्रीम कोर्टाचं म्हणणं असं की नेमकं हेच कोणी केलं नाही. कलेक्टरांनी नुसत्या आरोपावर, म्हणजे "त्या तिथे राहतात" या कोरड्या विधानावर आदेश काढला. आयुक्तांनी त्यावर शिक्का मारला. हायकोर्टाने ३ ऑगस्ट २०२३ ला याचिका तांत्रिक कारणावर फेटाळली. आरोपात तथ्य आहे का हे तपासायची तसदी कुठल्याच पातळीवर घेतली गेली नाही, सगळे आदेश यांत्रिकपणे आणि झटपट निघाले असं कोर्टाने लिहिलंय. उमेदवारी अर्ज भरताना त्यांनी स्वतः सरकारी जागा बळकावली होती असं दाखवणारं रेकॉर्डवर काहीच नव्हतं. शिवाय सरपंच म्हणून कामात काही गैर केलं असाही आरोप नव्हता. आणि एवढ्यावर पदावरून काढणं ही शिक्षा फारच जड झाली. म्हणून तिन्ही आदेश रद्द, आणि मुदत संपेपर्यंत त्यांनीच सरपंच राहायचं.

पेपरात मात्र गाजला तो निकालातला दुसरा भाग. कोर्टाने लिहिलं की बाई सरपंच झाली हेच गावातल्या काहींना पचलं नाही, तिने घेतलेले निर्णय आपल्याला मानावे लागणार हे सहन झालं नाही, त्यातून हे सगळं झालेलं दिसतं. निवडून आलेल्या प्रतिनिधीला काढणं इतकं हलक्यात घेऊ नका, त्यातही ग्रामीण भागातली बाई असेल तर अजूनच नाही, आणि अधिकाऱ्यांनी याबाबतीत संवेदनशील व्हावं, असंही सांगितलं. हे सगळं बरोबरच आहे, ज्यांनी मासिक सभेत सरपंच बाईंच्या खुर्चीमागे उभं राहून मिस्टरांना बोलताना बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पण एक लक्षात घ्या, पद परत मिळालं ते बाई आहेत म्हणून नाही. आरोप तपासलाच नव्हता म्हणून मिळालं. तपासून सिद्ध झाला असता तर जनाबाईसुद्धा बाईच होत्या आणि त्यांचं पद गेलंच ना.

म्हणजे दोन निकाल एकमेकांविरुद्ध नाहीत. २०१८ चा सांगतो की नियम काय आहे. २०२४ चा सांगतो की त्या नियमाखाली कोणाला काढायचं असेल तर अधिकाऱ्याने आधी काय सिद्ध झालेलं बघायला पाहिजे.

इथे थोडं थांबून ही अपात्रतेची वाट राजकारणात इतकी का आवडते ते सांगतो. सरपंचाला सरळ मार्गाने काढायचं तर अविश्वास ठराव आणावा लागतो, त्याला सदस्यांचं मोठं बहुमत लागतं, सहलीला न्यावं लागतं, खर्च होतो, आणि शेवटच्या दिवशी एक फुटला की सगळं पाण्यात. अपात्रतेला कोणाचंच मत लागत नाही. कायद्याच्या कलम १६ प्रमाणे कोणीही व्यक्ती कलेक्टरकडे अर्ज करू शकते, कलेक्टर स्वतःहूनही प्रश्न उचलू शकतात. निवडणुकीत पडलेला एकटा उमेदवारसुद्धा पुरतो. आणि गावखेड्यात पूर्ण शंभर टक्के मोजणीबरहुकूम घर कोणाचं आहे हो? कुठे ओटा रस्त्यात, कुठे गोठा गायरानात, कुठे संडासाचा शोषखड्डा सार्वजनिक जागेत. त्यामुळे शोधलं तर काहीतरी सापडतंच.

अर्ज केल्यावर पुढे काय होतं ते बघा. कलेक्टरांनी शक्यतो ६० दिवसांत निर्णय द्यायचा असं कलम १६ सांगतं. "शक्यतो" हा शब्द आहे म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला माहितीये. पण तोपर्यंत सदस्य पदावरच राहतो, नुसती तक्रार झाली म्हणून कोणाला सभेत बसू नका असं सांगता येत नाही, हे त्याच कलमात स्पष्ट आहे. आणि म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय सदस्याविरुद्ध आदेश काढता येत नाही, हेही त्यातच लिहिलंय.

कलेक्टर काही स्वतः गावात येऊन बघत नाहीत. ते तहसीलदार किंवा गटविकास अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवतात, ते खाली पाठवतात, आणि शेवटी तलाठी, मंडळ अधिकारी किंवा ग्रामसेवक जागेवर जाऊन पंचनामा करतात. म्हणजे वरच्या सगळ्या आदेशांचा पाया हा दोन पानांचा पंचनामा असतो. माझ्या बघण्यात आलेल्या अशा प्रकरणांत निम्मं काम तिथेच बिघडलेलं असतं. पंचनाम्यात लिहिलेलं असतं, "सदर जागेत सदस्य राहतात असे समजले". कोणाकडून समजलं? पंच म्हणून सही कोणाची, तर तक्रारदाराच्या चुलतभावाची. सदस्याला नोटीसच नाही, त्या तेव्हा बाजाराला गेलेल्या. जागा मोजलीच नाही, नजरेनेच "अंदाजे" लिहिलं. असा पंचनामा वाचला की ओळखायचं की हे प्रकरण विचखेड्याच्या वाटेने जाणार.

एक उदाहरण घेऊन बघू, गाव आणि माणसं काल्पनिक आहेत. समजा सुनीताबाई सदस्य आहेत. सासऱ्यांचं घर गावठाणाच्या कडेला आहे, मागची एक खोली आणि गोठा गायरानात गेलाय असा आरोप आहे. नवरा-बायको चार वर्षांपासून गावातच मेन रोडला भाड्याने राहतात, खाली दुकान आहे आणि वर राहायची खोली. विरोधी पार्टीने अर्ज केला आणि सोबत तीन कागद लावले: ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, रेशन कार्ड आणि मतदार यादी. नमुना ८ ला घर सासऱ्यांच्या नावाने आहे आणि शेऱ्यात अतिक्रमण लिहिलंय. रेशन कार्डावर सगळं कुटुंब एकत्र. मतदार यादीत सुनीताबाईंचा घर नंबर तोच.

पहिल्यांदा वाचलं तर वाटतं की संपलं सगळं. पण एकेक कागद बघा. नमुना ८ हे घरपट्टी आकारायचं रजिस्टर आहे, त्यावरून मालकी सिद्ध होत नाही आणि जागा नेमकी सरकारी आहे हेही पक्कं होत नाही, शेरा तर ग्रामसेवकाने कधी कोणाच्या सांगण्यावरून लिहिला हेही बघावं लागेल. जागा गायरान आहे का, तर त्यासाठी त्या गटाचा सातबारा लागेल, आणि खोली त्या गटात किती आत गेली हे सांगायला भूमी अभिलेखची मोजणी लागेल, क प्रत लागेल ज्यात हद्द आणि बांधकाम दोन्ही दाखवलेलं असतं. गावठाणाचा सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका बघायची. रेशन कार्डाचं तर काय, भाऊ-भाऊ वेगळे होऊन दहा वर्षं झाली तरी कार्ड एकच असतं, कारण वेगळं करायला तहसीलला कोण खेटे घालणार. मतदार यादीचंही तेच. म्हणजे हे दोन्ही कागद एवढंच सांगतात की कधीतरी त्या या घरात होत्या. आज कुठे राहतात ते सांगत नाहीत.

आता सुनीताबाईंची बाजू. "मी अर्जातला मजकूर नाकारते" एवढं लिहून चालणार नाही, आणि खूप जण इथेच मार खातात कारण वकील म्हणतो पुढच्या तारखेला देऊ आणि पुढची तारीख निकालाचीच निघते. भाडेकरार असेल तर लावायचा, नसेल तर (गावात कुठे असतो) घरमालकाचं प्रतिज्ञापत्र, भाडं फोनवरून पाठवलं असेल तर बँकेचं स्टेटमेंट, भाड्याच्या घराचं वीजबिल, गॅसच्या पुस्तकावरचा पत्ता, मुलांच्या शाळेतला पत्ता, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचे जबाब. जुन्या घराचे फोटो, तारखेसकट. आणि लेखी मागणी करायची की जागेची मोजणी करा, पंचनामा माझ्यासमोर करा, मी सध्या राहते त्या घराचाही पंचनामा करा. ही मागणी फेटाळली तर फेटाळली, पण ती रेकॉर्डवर असली पाहिजे. प्रत्येक तारखेला रोजनाम्यात आपली हजेरी आणि दिलेले कागद लिहिले गेले का ते बघायचं.

हे सगळं दिल्यावर समजा कलेक्टरांचा आदेश असा आला: "नमुना ८ वरून अतिक्रमण दिसून येते, सदस्य त्याच कुटुंबातील आहेत, सबब अपात्र". तर तो आदेश टिकायला नको. कारण त्यात भाड्याच्या घराचा एक शब्द नाही. मान्य नाही का, खोटं वाटतं का, का वाटतं, हे लिहायलाच पाहिजे होतं. एकाच कुटुंबातल्या आहेत हे पुरेसं नाही, ती जागा त्या वापरतात का हा प्रश्न आहे. आणि याच्या उलट, जर तलाठ्याने दोन्ही घरं बघितली आणि भाड्याच्या खोलीत नुसता दुकानाचा माल भरलेला, चूल मात्र सासऱ्यांच्या घरी पेटलेली, मुलांची दप्तरं तिथे, शेजाऱ्यांनीही तसंच सांगितलं, आणि मोजणीत खोली गायरानात निघाली, आणि हे सगळं आदेशात आलं, तर मग विचखेड्याचा निकाल कितीही वेळा दाखवला तरी उपयोग नाही. एक बारीक गोष्ट अजून आहे. गोठा गायरानात आहे आणि सुनीताबाई राहतात दुसरीकडे, पण म्हशी त्यांच्या आणि दूधही त्याच काढतात, तर? जनाबाईच्या नियमात वापरणंही आलं. म्हणून फक्त "मी तिथे राहत नाही" म्हणून भागत नाही, तिथलं काहीच वापरत नाही हेही दाखवावं लागतं.

शिक्षा जड झाली या मुद्द्याबद्दल मात्र मला थोडी शंका वाटते. कोर्टाने म्हटलं की आरोपाच्या मानाने पदावरून काढणं फार झालं. पण कलम १४ मध्ये कमी-जास्त शिक्षाच नाहीये, अतिक्रमण सिद्ध झालं तर अपात्र, नाही झालं तर नाही, ताकीद देऊन सोडा किंवा दंड करा अशी सोय कलेक्टरांना ठेवलेलीच नाही. त्यामुळे माझ्या मते हा मुद्दा पुरावा लंगडा असेल तिथेच कामाला येईल. पक्का पुरावा असताना "शिक्षा जड आहे हो" म्हणून कलेक्टरांकडे वाद घालण्यात वेळ घालवू नये.

मग आदेश विरोधात गेला तर पुढे काय? कलम १६ प्रमाणे निर्णयाच्या तारखेपासून १५ दिवसांत अपील करायचं. कायद्यात अपील राज्य सरकारकडे असं लिहिलंय, पण प्रत्यक्षात ते विभागीय आयुक्त किंवा अपर आयुक्त ऐकतात. हे १५ दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजायचे आहेत, आपल्या हातात कागद पडल्यापासून नाही, त्यामुळे निकाल ऐकल्या ऐकल्या नकलेचा अर्ज टाकायचा आणि अपिलासोबतच स्थगितीचा अर्ज द्यायचा. स्थगिती नसेल तर जागा रिकामी धरून पोटनिवडणुकीची तयारी सुरू होऊ शकते आणि मग अपील जिंकूनही गोंधळ होतो.

आयुक्तांचा निर्णय अंतिम असं कायदा म्हणतो. अंतिम म्हणजे पुढे अपील नाही, पण हायकोर्टात रिट याचिका करता येते, ती कोणी काढून घेऊ शकत नाही. जळगावकरांना औरंगाबाद खंडपीठ, वाशिमकरांना नागपूर. फक्त हायकोर्ट तिथे काय बघतं ते आधीच समजून घ्या. तिथे साक्षीदार परत तपासत नाहीत, सुनीताबाई कुठे राहतात हे न्यायमूर्ती नव्याने ठरवत नाहीत. ते बघतात की अधिकाऱ्याने ऐकून घेतलं का, समोरचा पुरावा बघितला का, आदेशात कारणं दिली का, की नुसतंच "वरील अहवालावरून" लिहून सही केली. म्हणजे कलेक्टरांसमोर जे कागद दिलेच नाहीत ते हायकोर्टात पिशवीतून काढून दाखवले तर बहुतेक वेळा कोणी बघत नाही. सगळी लढाई पहिल्या पायरीवर असते आणि आपल्याकडे नेमकं तिथेच लोक गाफील असतात, नंतर लाखभर रुपये घालून मुंबई-दिल्ली करतात.

आणि हा नुसता अतिक्रमणाच्या कलमापुरता विषय नाही. सुप्रीम कोर्टाने २०१२ ला रायगड जिल्ह्यातल्या उरणच्या नगराध्यक्षांच्या प्रकरणातही हेच धरलं होतं, रवी यशवंत भोईर यांचं प्रकरण. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला काढायचं तर आरोप गंभीर पाहिजे, पक्का सिद्ध झालेला पाहिजे आणि आदेशात कारणं पाहिजेत, कारण तिथे एका माणसाची खुर्ची जाते एवढंच नसतं, ज्यांनी मतं दिली त्यांचंही काहीतरी जातं.

तक्रार करणाऱ्यांसाठीही यात काम आहे बरं का. खरंच कोणी गायरान दाबून बसलंय आणि तुम्हाला ते पुढे आणायचंय, तर नुसता अर्ज आणि नमुना ८ जोडून मोकळं होऊ नका. मोजणीची मागणी तुम्हीच करा. सदस्य तिथे राहतो किंवा जागा वापरतो याचा आजचा पुरावा द्या, म्हणजे त्या घराचं वीजबिल कोण भरतं, त्या पत्त्यावर घरकुलाचा किंवा नळाचा अर्ज कोणी केलाय, हे माहिती अधिकारात मिळू शकतं. पंचनाम्याला आपले नातेवाईक पंच म्हणून उभे करू नका, त्याने तुमचीच केस पडते. आणि सदस्याला नोटीस पोचली का तेही बघा, कारण त्याला ऐकून न घेता आदेश निघाला तर तुम्ही खरे असूनही तो वरती रद्द होईल, प्रकरण परत कलेक्टरांकडे येईल आणि तोवर त्याची पाच वर्षं पूर्ण झालेली असतील.